पिशवीवरचे फॅट आणि पेल्यातले फॅट : सहा जणांच्या एका घरातील दुधाची निवड

पुण्यातील एका कुटुंबाने आहारसल्ल्यासाठी माझ्याकडे येताना एकच प्रश्न आणला होता. घरात रोज दोन लिटर फुल क्रीम दूध येत होते. आजोबांच्या हृदयविकारतज्ज्ञांनी "दूध पातळ घ्या" असे सांगितले होते आणि नातवाच्या बालरोगतज्ज्ञांनी "बाळाचे दूध पातळ करू नका" असे बजावले होते. मग पिशवी कोणती आणायची, टोन्ड, फुल क्रीम की डबल टोन्ड, एवढेच त्यांना हवे होते. हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचे कारण असे की उत्तर शोधताना पिशवीपेक्षा पिशवी फोडल्यानंतर स्वयंपाकघरात दुधाचे काय होते, हा प्रश्न अधिक मोठा निघाला. ओळख पटू नये म्हणून कुटुंबाचे इतर तपशील येथे दिलेले नाहीत.

घरात सहा माणसे होती. आजोबा ७२ वर्षांचे, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली, गोळ्या नियमित चालू. आजी ६९ वर्षांच्या, कवळी वापरणाऱ्या, जेवण कमी झालेले आणि वर्षभरात वजन ४६ किलोवरून ४२ किलोवर आलेले. मुलगा आणि सून दोघेही नोकरी करणारे, प्रकृतीने ठीक. नात सहा वर्षांची, वजन आणि उंची वयाला साजेशी. नातू १५ महिन्यांचा, दिवसभर बाटलीने दूध पिणारा, जेवणाला तोंड न लावणारा, आणि नुकत्याच झालेल्या तपासणीत हिमोग्लोबिन ९.२ आलेला.

प्रथम तीन पिशव्यांमधला फरक नेमका सांगितला पाहिजे. दुधातले पाणी वगळले तर दोन गोष्टी उरतात. एक फॅट, म्हणजे स्निग्धांश, आणि दुसरी एसएनएफ, म्हणजे फॅट वगळून उरणारे घन पदार्थ. प्रथिने, कॅल्शियम आणि दुधातली साखर ही सगळी या दुसऱ्या भागात असतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के फॅट आणि ९ टक्के एसएनएफ असावे लागते, टोन्ड दुधात ३ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ, तर डबल टोन्ड दुधात १.५ टक्का फॅट आणि ९ टक्के एसएनएफ. फॅटचा आकडा सहावरून दीडवर येतो, पण एसएनएफ जवळजवळ तिथेच राहते. त्यामुळे १०० मिलिलिटरमागे फुल क्रीमपासून साधारण ८७, टोन्डपासून ५८ आणि डबल टोन्डपासून ४७ किलोकॅलरी मिळतात, मात्र प्रथिने तिन्हींत तीन ग्रॅमच्या थोडी वर आणि कॅल्शियम शंभर मिलिग्रॅमच्या आसपासच असते. "डबल टोन्डमध्ये काही कस नसतो" हे आजींचे म्हणणे ऊर्जेपुरते खरे होते, हाडांपुरते आणि स्नायूंपुरते नव्हते.

टोन्ड दूध म्हणजे पाणी घातलेले दूध, हा समज आजही अनेक घरांत आहे. त्याचे मूळ इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईच्या काळात मुंबईत दारा खुरोडी यांनी ही पद्धत रुजवली. म्हशीच्या दाट दुधात पाणी घालून ते वाढवायचे, पण पाण्यामुळे पातळ झालेले एसएनएफ साय काढलेल्या दुधाच्या भुकटीने पुन्हा भरून काढायचे. भुकटी घालण्याची ही दुसरी पायरीच टोन्ड दुधाला पाणी घातलेल्या दुधापासून वेगळे करते, आणि या घरात नेमकी हीच पायरी गळालेली होती.

मी कुटुंबाला एक आठवडा साधी नोंद ठेवायला सांगितली. कोणी किती दूध घेतले, ते कोणत्या भांड्यातून घेतले आणि दुधातून काय काढले किंवा त्यात काय घातले, एवढेच लिहायचे होते. नोंदीनुसार सकाळी दोन्ही लिटर दूध एकाच पातेल्यात तापवले जाई, निवल्यावर फ्रीजमध्ये ठेवले जाई आणि काही तासांनी त्यावर आलेली जाड साय आजी अलगद उचलून सायीच्या डब्यात टाकत. आठवड्याच्या सायीला विरजण लावून, घुसळून, लोणी कढवून जे तूप निघाले, ते सुनेने वजनकाट्यावर ठेवले तेव्हा ३५० ग्रॅम भरले.

या एका वजनाने बराच उलगडा झाला. एक लिटर फुल क्रीम दुधात सुमारे ६२ ग्रॅम फॅट असते. आठवड्याच्या १४ लिटरमध्ये ते साधारण ८६५ ग्रॅम होते. त्यातले ३५० ग्रॅम तुपात गेले आणि थोडे ताकात व बेरीत राहिले. म्हणजे पातेल्यात उरलेल्या दुधात फॅट सहा टक्के नव्हते, ते साडेतीन टक्क्यांच्या आसपास आले होते. कुटुंब पैसे फुल क्रीमचे देत होते आणि पेल्यात जवळपास टोन्ड ओतत होते. हा हिशोब प्रत्येक घराला जसाच्या तसा लागू होणार नाही, कारण होमोजिनाइज केलेल्या दुधात फॅटचे कण इतके बारीक केलेले असतात की साय फारच कमी येते आणि पिशवीवरचा आकडा बहुतांशी पेल्यापर्यंत पोहोचतो. आपल्या घरचे दूध कोणत्या प्रकारचे आहे हे पिशवीवर वाचून कळते. तिथे उल्लेख नसेल, तर तापवून रात्रभर थंड केलेल्या दुधावर येणारा थर पाहून अंदाज येतो.

आता नातवाकडे वळतो. बाळाला दाट दूध पचत नाही म्हणून आजी साय काढलेल्या दुधात तेवढेच पाणी घालून बाटली भरत. त्यामुळे त्याच्या बाटलीतल्या दुधात फॅट पावणेदोन टक्के, म्हणजे डबल टोन्डच्या जवळपास, आणि प्रथिने तर डबल टोन्डच्याही निम्मी होती. घरात सर्वांत महागडी पिशवी येत असताना सर्वांत लहान मूल सर्वांत निकस दूध पीत होते. आजींची माया कुठेच कमी नव्हती. बाळाचे पोट बिघडेल या काळजीपोटीच त्या हे करत होत्या, आणि वर्षाच्या आतल्या बाळांना गाईम्हशीचे दूध पाणी घालून देण्याची जुनी सवय अनेक घरांत अशीच पुढे चालत आलेली असते. (एक वर्ष पूर्ण होईपर्यंत आईचे दूध, आणि ते शक्य नसेल तर डॉक्टरांनी सांगितलेले शिशुआहाराचे दूध, हेच मुख्य पेय असावे. त्या वयात या तिन्ही पिशव्यांपैकी एकही योग्य नाही.)

पण निकस दूध हा त्रासाचा अर्धाच भाग होता. बाळ दिवसभरात असे ९०० मिलिलिटर दूध पीत होते. त्यातून त्याला जेमतेम २९० किलोकॅलरी मिळत आणि पोट मात्र सतत भरलेले राही. वरणभात पुढे आला की मान फिरवायची, तासाभराने रडायचे आणि मग पुन्हा बाटली, असा क्रम लागला होता. दुधात लोह नसल्यातच जमा असते आणि दुधातले कॅल्शियम व प्रथिने जेवणातल्या लोहाच्या शोषणातही अडथळा आणतात. त्यामुळे दुधावर वाढणारे, गुटगुटीत दिसणारे पण फिकट मूल बालरोगतज्ज्ञांना नित्य पाहावे लागते. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे दूध दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटरच्या वर जाऊ नये, असे सांगितले जाते ते यासाठी. या बाळाच्या बाबतीत पिशवी बदलण्यापेक्षा पाणी थांबवणे आणि बाटली आवरणे अधिक निकडीचे होते.

मग त्याला कोणते दूध द्यावे? दोन वर्षांपर्यंत मुलांना कमी फॅटचे दूध देऊ नये, हा सल्ला योग्यच आहे, कारण या वयात पोट लहान असते, वाढ वेगाने होत असते आणि मेंदूच्या घडणीला स्निग्धांश लागतो. तो वाचताना मात्र एक खुलासा ध्यानात ठेवावा. परदेशी पुस्तकांतले 'पूर्ण फॅटचे दूध' म्हणजे गाईचे सव्वातीन ते साडेतीन टक्के फॅटचे दूध. आपले फुल क्रीम त्याच्या जवळजवळ दुप्पट दाट आहे, आणि आपले टोन्ड त्याच्यापेक्षा किंचितच कमी. म्हणून 'बाळाला फुल क्रीमच हवे' असा त्या सल्ल्याचा अर्थ होत नाही. साडेतीन ते साडेचार टक्क्यांच्या पट्ट्यातले दूध त्याला पुरेसे असते. पिशवीतले गाईचे दूध किंवा फॅट ठरावीक प्रमाणावर आणलेले स्टँडर्डाइज्ड दूध या पट्ट्यात बसते. डबल टोन्ड मात्र या वयात टाळावे.

आजोबांचा हिशोब वेगळा निघाला. चहा, रात्रीचा पेला आणि दही मिळून त्यांच्याकडे दिवसाला ४०० मिलिलिटर दूध जात होते. "आम्ही साय काढतो, त्यामुळे दूध हलकेच असते," असे ते म्हणाले, आणि पेल्यापुरते ते बरोबरही होते. साडेतीन टक्के फॅटच्या ४०० मिलिलिटर दुधात १४ ग्रॅम फॅट असते. दुधाच्या फॅटमधला साधारण साठ-पासष्ट टक्के भाग संपृक्त असतो, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम संपृक्त स्निग्धांश. परंतु काढलेली साय घराबाहेर जात नव्हती. तीच तूप होऊन त्यांच्या भातावर आणि पोळीवर रोज दोन चमचे येत होती, आणि त्यातून आणखी ६ ग्रॅम भर पडत होती. एकूण आकडा १५ ग्रॅमवर गेला. साय न काढता ४०० मिलिलिटर फुल क्रीम प्यायले असते तरी तेवढेच झाले असते. त्यांच्या वयाच्या आणि हालचालीच्या माणसाला दिवसाला १६०० किलोकॅलरी लागतात असे धरले, तर हृदयरुग्णांसाठी सांगितली जाणारी संपृक्त स्निग्धांशाची मर्यादा, म्हणजे एकूण ऊर्जेच्या सात टक्के, साधारण १२ ग्रॅमवर येते. दूध आणि दुधाचे तूप यांनीच ती ओलांडली होती, आणि स्वयंपाकातले तेल व खोबरे अजून मोजलेलेच नव्हते. डबल टोन्ड दुधाच्या ४०० मिलिलिटरमध्ये एकूण फॅट ६ ग्रॅम आणि संपृक्त ४ ग्रॅमच्या आत राहते, आणि प्रथिने व कॅल्शियम तसूभरही कमी होत नाहीत. त्यांच्यासाठी निवड स्पष्ट होती. तूप एका चमच्यावर आणणे हा त्या निवडीचाच भाग होता, कारण त्याशिवाय पिशवी बदलल्याचा निम्मा लाभ वाया गेला असता.

म्हातारपणी सर्वांनीच पातळ दूध प्यावे, हा सरसकट नियम या घरात आजींच्या वाट्यालाही आला होता. मुलगा म्हणाला, "मग आईबाबा दोघांनाही डबल टोन्ड लावू." इथे मी ठाम नकार दिला. आजींचे वजन वर्षभरात चार किलोने, म्हणजे मूळ वजनाच्या आठ-नऊ टक्क्यांनी घटले होते. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात पाच टक्क्यांहून अधिक वजन घटले, तर आधी त्याचे कारण शोधावे लागते. म्हणून त्यांच्या डॉक्टरांकडून साखर, थायरॉइड आणि इतर तपासण्या करून घेतल्या. त्यांत गंभीर काही आढळले नाही. कवळी सैल झाल्यामुळे भाकरी चावत नव्हती, पोळीही अर्धीच जात होती, आणि दूध मुलांना पुरावे म्हणून त्या स्वतः दिवसाला जेमतेम १५० मिलिलिटर, तेही चहातूनच, घेत होत्या. ज्याला खाणे कमी जाते त्याच्या प्रत्येक घोटात जास्तीत जास्त पोषण असावे लागते. आजींना ४०० मिलिलिटर फुल क्रीम, साय न काढता, दोन वेळांत विभागून द्यायचे ठरले. दुधातून त्यांना मिळणारी ऊर्जा त्यामुळे ९५ किलोकॅलरीवरून साडेतीनशेवर आणि प्रथिने ५ ग्रॅमवरून १३ ग्रॅमवर जाणार होती. त्यांचे कोलेस्टेरॉल मर्यादेत होते आणि हृदयविकाराचा इतिहास नव्हता, हे पाहूनच हा निर्णय घेतला. तसा इतिहास असता, तर ऊर्जा शेंगदाण्याच्या कुटातून, तेलातून किंवा दाट खिमटातून वाढवावी लागली असती.

नातीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. तिची वाढ चांगली होती, जेवण चौरस होते आणि तीन ते चार टक्क्यांचे कोणतेही दूध तिला चालले असते. तिच्या पेल्यात पडणारी चॉकलेटची गोड पूड मात्र एका चमच्यावर आणायला सांगितली.

गरजा अशा तीन तऱ्हेच्या होत्या, पण तीन-चार प्रकारच्या पिशव्या रोज आणून वेगवेगळ्या भांड्यांत सांभाळणे नोकरी करणाऱ्या सुनेला जमणारे नव्हते, आणि जी व्यवस्था जमत नाही ती आठवड्यात मोडते. म्हणून दोनच प्रकार ठरवले. रोज एक लिटर फुल क्रीम आणि एक लिटर डबल टोन्ड. फुल क्रीममधून ४०० मिलिलिटर आजींसाठी वेगळे काढायचे, डबल टोन्डमधून ४०० मिलिलिटर आजोबांसाठी, आणि दोन्हींचे उरलेले ६००-६०० मिलिलिटर एकत्र करायचे. सहा आणि दीड यांची सरासरी पावणेचार. दोन्ही प्रकारांत एसएनएफ नऊ टक्के असल्यामुळे मिश्रणातही ते नऊच राहते, जे पाणी घालून कधीच साधत नाही. या १२०० मिलिलिटरमधून बाळाला ४००, नातीला २५०, मुलगा-सुनेच्या चहाला २५० आणि विरजणाला ३०० मिलिलिटर अशी वाटणी झाली. आजोबांचे दही त्यांच्याच दुधातून एका वाटीत वेगळे लावायचे ठरले.

बाळाच्या वाट्याचा हिशोब पुन्हा मांडून पाहिला. पावणेचार टक्क्यांच्या ४०० मिलिलिटर दुधातून त्याला सुमारे २७० किलोकॅलरी आणि १३ ग्रॅम प्रथिने मिळणार होती. पूर्वी ९०० मिलिलिटरमधून जे मिळत होते ते जवळपास तेवढेच होते, पण आता ते निम्म्याहून कमी जागेत मावत होते. उरलेली जागा जेवणासाठी मोकळी झाली. बाटली बंद करून वाटी-चमचा आणि कप आणला, दूध जेवणानंतर आणि झोपण्यापूर्वी अशा दोनच वेळा ठेवले, आणि डॉक्टरांनी दिलेले लोहाचे औषध दुधासोबत न देता दोन दुधांच्या मधल्या वेळेत द्यायला सांगितले. पहिले चार-पाच दिवस रडारड झाली. नंतर तूप घातलेला मऊ वरणभात तो खाऊ लागला, आणि दाट दुधाने पोट बिघडेल ही भीती खरी ठरली नाही.

अडचणी आल्या त्या बारीकसारीक, पण त्यांनीच अशा व्यवस्था मोडतात. एकाच डेअरीच्या दोन पिशव्यांचे रंग घाईत ओळखू येत नव्हते, म्हणून भांड्यांच्या झाकणांवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या. डबल टोन्ड दूध तळाला लवकर लागत होते, म्हणून जाड बुडाचे पातेले आणि मंद आच ठेवून ते ढवळत राहावे लागले. आजोबांना चहा पाणचट लागला, तेव्हा त्यांच्या चहातले पाणी कमी करून दूध वाढवले. प्रमाण थोडे वाढले तरी दीड टक्क्याच्या दुधात त्याने फारसे बिघडत नव्हते. सर्वांत चिवट अडचण सायीची होती. आजींच्या दुधावरची साय त्या सवयीने डब्यात टाकत किंवा नातीच्या पोळीवर साखरेसह देत. ती साय म्हणजेच त्यांच्या वाट्याची ऊर्जा आहे हे पटायला तीन आठवडे लागले, आणि अखेर दूध कोमट असतानाच रवीने घुसळून त्यांच्या हातात द्यायचा उपाय लागू पडला. सायीचा डबा बंद झाला. मिश्रणातही साय मोडून परत मिसळली जाऊ लागली, कारण ती काढली असती तर बाळाचे दूध पुन्हा टोन्डच्या खाली गेले असते. तूप आता विकत येते. घरात रोज येणारे दुधाचे फॅट सुमारे ४६ ग्रॅमने घटले आहे, म्हणून ते मोजून वापरले तरच हा फरक टिकतो.

डबल टोन्ड घेताना पिशवीवर निळे +F चिन्ह पाहायला सांगितले होते. अ आणि ड जीवनसत्त्वे फॅटमध्ये विरघळतात. फॅट काढले की त्यांचा मोठा भाग निघून जातो, आणि हे चिन्ह असलेल्या दुधात ती पुन्हा घातलेली असतात. तरी ड जीवनसत्त्वाची आजोबांची कमतरता केवळ या दुधाने भरून निघण्यासारखी नसते. ती तपासून औषधानेच भरावी लागते.

तीन महिन्यांनी पाहणी केली तेव्हा बाळाचे हिमोग्लोबिन १०.९ झाले होते. त्यातले श्रेय मुख्यतः लोहाच्या औषधाचे आहे, पण ९०० मिलिलिटरची बाटली चालू राहिली असती तर औषध थांबल्यावर ते पुन्हा घसरले असते, असे त्याच्या बालरोगतज्ज्ञांचेही मत पडले. आजींचे वजन सव्वा किलोने वाढले होते आणि नवी कवळी बसली होती. आजोबांचे एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उतरले होते, पण त्याच काळात गोळीची मात्राही वाढवली गेली होती, त्यामुळे दुधाचा वाटा त्यातून वेगळा काढता येत नाही.

अशीच माणसे असलेल्या दुसऱ्या घरात ही वाटणी उचलून नेण्यापूर्वी काही गोष्टी तपासाव्यात. वृद्धांपैकी कोणाला मूत्रपिंडाचा विकार असेल, तर फॅटपेक्षा दुधातले फॉस्फरस, पोटॅशियम आणि प्रथिने महत्त्वाची ठरतात, आणि तिथे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. दूध प्यायल्यावर पोट फुगत किंवा ढाळत असेल, तर डबल टोन्डने फरक पडणार नाही, कारण त्रास देणारी दुधातली साखर तिन्ही पिशव्यांत जवळजवळ सारखीच असते. अशा वेळी दही किंवा ताक चालते का ते पाहावे. दुधातल्या साखरेची ही गोष्ट मधुमेह्यांनीही ध्यानात ठेवावी, पिशवी बदलून ती कमी होत नाही. गवळ्याकडून सुटे म्हशीचे दूध येत असेल, तर त्यातले फॅट जनावर आणि ऋतू यांप्रमाणे बदलत राहते, म्हणून सरासरीचे हे गणित तिथे बसत नाही.

पुढची फेरतपासणी नातू दोन वर्षांचा होईल तेव्हा ठरली आहे. त्याचे वजन आणि हिमोग्लोबिन ठीक असेल आणि तो घरचे जेवण नीट खात असेल, तर मिश्रण बंद करून मुलांसाठी व चहासाठी थेट टोन्ड आणता येईल. आजींचे वजन ४६ किलोवर स्थिरावले, तर त्यांचे फुल क्रीम तसेच ठेवायचे की कमी करायचे, हे त्या वेळच्या कोलेस्टेरॉलच्या तपासणीवरून ठरवू. आजोबांचे डबल टोन्ड मात्र कायम राहील.